अ‍ॅडव्हर्टोरियल एडिट करताना: आधी लेबल, मग मजकूर

पोर्टलवर किंवा पेपरात नवीन लागलेल्या सबएडिटरला लवकरच मार्केटिंगकडून अ‍ॅडव्हर्टोरियलचा, म्हणजे पैसे देऊन छापून घेतलेल्या लेखाचा, एक मेल येतो. क्लायंटचा आर्टिकल आहे, जरा नीट करून टाक, जाहिरात वाटता कामा नये. या शेवटच्या चार शब्दांतच सगळा घोळ आहे कारण त्यात दोन वेगळ्या मागण्या एकत्र कोंबलेल्या असतात. मजकूर बोजड, चकचकीत आणि खोटा वाटू नये ही मागणी रास्त आहे, ते तुमचं कामच आहे. पण पैसे देऊन छापलंय हे वाचकाला कळूच नये ही दुसरी मागणी सरळ नाही म्हणायची. आणि गंमत अशी की पहिलं काम नीट करायचं असेल तर दुसरं नाकारावंच लागतं, ते कसं ते खाली येईलच.

नियमांचं थोडक्यात सांगतो. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये डार्क पॅटर्नची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाईन युक्त्यांची यादी काढली, तेरा प्रकार आहेत, त्यातला एक म्हणजे बातमी किंवा लेखाच्या रूपात लपवलेली जाहिरात. एएससीआय ही जाहिरातवाल्यांची स्वतःची संस्थाही हेच सांगते आणि प्रेस कौन्सिलचे निकषही. आणि महाराष्ट्रात तर हा विषय कोणाला नवीन नाही, 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याचं कौतुक वेगवेगळ्या पेपरांत शब्दन् शब्द सारखं छापून आलं होतं, पी. साईनाथ यांनी ते उघड केलं आणि पेड न्यूज हा शब्द घराघरांत पोचला. निवडणुकीचं प्रकरण वेगळंच आहे, तिथे हात घालायचाच नाही. आपण इथे साधी व्यापारी जाहिरात घेऊ.

उदाहरण म्हणून समजा सांगोल्याकडचा एक लाकडी घाणेवाला आहे. शेंगदाणा तेल काढतो, आता ऑनलाईन विकायचंय म्हणून त्याने आठशे शब्दांचा लेख विकत घेतलाय.

पैशांचं आधी विचारून घ्या

मजकूर उघडायच्या आधी मार्केटिंगला विचारायचं, पैसे कोण देतंय आणि कशाच्या बदल्यात. कारण 'हा पेड नाहीये रे' असं म्हणून जे येतं त्यातलं बरंच पेड असतं. पानभर जाहिरात घेतली म्हणून सोबत फुकट दिलेला लेख, पाच लिटरचे डबे ऑफिसात पोचवले म्हणून केलेलं कौतुक, रिसॉर्टवर दोन दिवस राहून आलेल्याचा प्रवासलेख, हे सगळं यातच येतं. एएससीआयच्या 2021 च्या इन्फ्लुएन्सर नियमांतही फुकट वस्तू, सवलत, ट्रिप हे सगळं आर्थिक संबंधातच धरलंय. अजून एक चलाख प्रकार असतो, एजन्सी 'लाकडी घाण्याच्या तेलाचे फायदे' असा साधा माहितीचा लेख पाठवते, ब्रँडचं नावच नाही, फक्त मधे कुठेतरी एका शब्दावर लिंक. त्या लिंकचे पैसे मिळतायत ना, मग ती जाहिरातच.

दुसरं, रिलीज ऑर्डरमध्ये म्हणजे आपल्या भाषेत आरओमध्ये चार गोष्टी लिहून घ्यायला सांगा: लेबल काय असेल, लिंक कुठल्या प्रकारची असेल, दावे तपासून काढायचा हक्क संपादकीयचा असेल, आणि प्रसिद्ध झाल्यावर लेबल बदलणार नाही. हे आधी लिहिलेलं नसलं की नंतर तुम्ही एकटे पडता, क्लायंट म्हणतो आम्हाला असं सांगितलं नव्हतं, आणि मार्केटिंगवाला तुमच्याकडे बघतो.

लेबल

लेबल शेवटी चिकटवायची गोष्ट नाही, कोऱ्या पानावर पहिली ओळ लेबलची टाईप करा आणि मग मजकूर खाली पेस्ट करा. शब्द 'जाहिरात' हाच. 'प्रायोजित' चालेल, पण ते वाचून कार्यक्रमाचे प्रायोजक असतात तसं काहीतरी असेल असं वाटणारे बरेच आहेत. 'स्पेशल फीचर', 'ब्रँड स्टोरी', 'पार्टनर कंटेंट', 'मीडिया इनिशिएटिव्ह' यातलं काहीही नको, ऑफिसबाहेर यांचा अर्थ कोणालाच माहीत नसतो आणि खरं सांगायचं तर म्हणूनच ते वापरले जातात. भाषा लेखाची तीच लेबलची. 2022 च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या नियमांतही खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा असं आहे, म्हणजे मराठी लेखावर कोपऱ्यात इंग्रजीत दोन अक्षरं टाकून भागत नाही.

एक शब्द पुरत नाही, त्याखाली एक पूर्ण वाक्य द्या. आमच्या घाणेवाल्यासाठी असं:

"जाहिरात. हा मजकूर (ब्रँडचं नाव) यांनी पैसे देऊन प्रसिद्ध केला आहे. आमच्या बातमीदारांचा यात सहभाग नाही."

अक्षरं मजकुराच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, फिक्कट राखाडी तर अजिबात नकोत, आणि लेबल फोटोच्या आत लिहिलेलं नको, टेक्स्टच हवं, नाहीतर स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला ते ऐकूच येत नाही आणि फोटो लोड झाला नाही की तेही गायब. हे सगळं कॉम्प्युटरवर नाही, फोनवर बघा, स्वस्तातल्या, लहान स्क्रीनच्या.

जागेबद्दल एक कामाची गोष्ट. 2016 मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी लोकांच्या डोळ्यांची हालचाल मोजून बघितली, अशा लेखात लेबल नक्की कुठे असलं की दिसतं. निघालं असं की सगळ्यात वर असलेलं लेबल सगळ्यात कमी दिसतं, कारण नजर थेट हेडलाईनवर जाते आणि तिथून खाली सरकते. मजकुराच्या मधे असलेलं लेबल जास्त लोकांना दिसलं. म्हणून वरचं काढायचं असं नाही, वर हवंच, पण दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदानंतर पुन्हा एकदा एक ओळ टाकायची, आणि खरेदीच्या लिंकच्या अगदी आधी अजून एकदा. क्लायंट म्हणेल किती वेळा तेच. म्हणू दे.

लेबल कुठे गळून पडतं

लेख पानावर असतो तोवर लेबल असतं, पानाबाहेर गेला की गळतं, आणि आपल्याकडे तर लेख पानाबाहेरच जास्त फिरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की हेडलाईन, फोटो आणि तुमच्या पोर्टलचं नाव एवढंच दिसतं. घाणेवाला स्वतःच ती लिंक शंभर ग्रुपवर टाकणार, 'बघा पेपरात आपली बातमी', आणि त्या ग्रुपवरच्या बहुतेकांनी लेख उघडलेलाच नसणार. म्हणून शेअरच्या टायटलमध्येच शब्द टाका आणि लिंकलाही खूण करा:

```html
<meta property="og:title" content="जाहिरात | घाण्याचं तेल महाग का पडतं?">
<a href="https://example.com" rel="sponsored">तेल मागवा</a>
```

ती दुसरी ओळ वाचकासाठी नाही, गूगलसाठी. 2019 पासून विकत दिलेल्या लिंकसाठी गूगलने ही वेगळी खूण दिलीय, ती किंवा `nofollow` लावलं नाही तर ते लिंक विकणं धरतात आणि त्याचा फटका पूर्ण साईटला बसू शकतो, तुमच्या खऱ्या बातम्यांनाही. एजन्सी 'डूफॉलो लिंक पाहिजे', म्हणजे अशी कुठलीच खूण नसलेली लिंक पाहिजे, म्हणून जादा पैसे देऊ करते ती याचसाठी.

ई-पेपरमध्ये वेगळीच गडबड होते. लेबल पानाच्या माथ्यावर असतं, लोक फक्त तेवढ्या लेखाचं कात्रण काढून पाठवतात आणि कात्रणात माथा येत नाही. म्हणून छापील मजकुरात 'जाहिरात' हा शब्द चौकटीच्या आत, हेडलाईनला चिकटून हवा. शिवाय बातमीचा जो फाँट आणि जो कॉलम असतो तो वापरायचा नाही, फाँट वेगळा, चौकट ठळक. पोर्टलवर 'ताज्या बातम्या' आणि 'हेही वाचा' या पट्ट्यांत असा लेख आपोआप शिरतो, तिथे प्रत्येक ठिकाणी हेडलाईनच्या आधी शब्द येतोय का हे डेव्हलपरला एकदा दाखवून घ्या. पुश नोटिफिकेशन नकोच, बातमीच्या आवाजात फोन वाजला की तिथेच फसवणूक झाली. बायलाईनमध्ये बातमीदाराचं नाव नाही, 'आमच्या प्रतिनिधीकडून' नाही, 'वेब टीम'ही नाही, सरळ ब्रँडचं नाव.

आता मजकूर

आलेला मजकूर साधारण असा असतो:

"आजच्या धकाधकीच्या जीवनात आरोग्याकडे दुर्लक्ष होत असतानाच अल्पावधीत नावलौकिक मिळवलेल्या या लाकडी घाणा तेलाला ग्राहकांचा उदंड प्रतिसाद लाभत आहे. शंभर टक्के शुद्ध, नैसर्गिक व कोलेस्टेरॉलमुक्त असे हे तेल हृदयासाठी वरदान असून मधुमेह व सांधेदुखीवरही गुणकारी आहे. रिफाईंड तेलरूपी स्लो पॉयझनपासून कुटुंबाचे रक्षण करावे, असे मत तज्ज्ञांनी व्यक्त केले. आमच्या प्रतिनिधीने भेट दिली असता स्वच्छता वाखाणण्याजोगी आढळली. सुटे तेलही उपलब्ध, डबा घेऊन यावे."

हे वाचवत नाही ते नेमकं कशामुळे? जाहिरात आहे म्हणून नाही, जाहिरात असून बातमीचा आव आणतंय म्हणून. 'प्रतिसाद लाभत आहे', 'मत व्यक्त केले', 'भेट दिली असता' ही बातमीची भाषा आहे, आणि विकणाऱ्याच्या तोंडी ती भाड्याच्या शेरवानीसारखी दिसते. वर लेबल आलं की हा आव आणायची गरजच उरत नाही, घाणेवाला सरळ 'आम्ही' म्हणून बोलू शकतो. वरती म्हटलं ना दुसरी मागणी नाकारली की पहिलं काम जमतं, ते हेच.

पण भाषेच्या आधी दावे, कारण उडणार असलेल्या वाक्याला घासूनपुसून उपयोग काय. एकेक बघू.

'कोलेस्टेरॉलमुक्त' हा शब्द खरा आहे आणि तरी फसवा आहे. कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून येणाऱ्या अन्नात असतं, वनस्पती तेलात ते जवळजवळ नसतंच, शेजारच्या दुकानातल्या स्वस्त रिफाईंडमध्येही नसतं. मग आमच्यात नाही असं मिरवलं की वाचकाला वाटतं दुसऱ्यांत आहे. 'हृदयासाठी वरदान' तर सरळ बाद. खाद्यतेलाच्या वेष्टनावर आणि जाहिरातीत कोलेस्टेरॉलशी लढणारं, हृदयाला हितकारक अशा अर्थाचे अतिशयोक्तीचे शब्द वापरायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेच्या नियमांत नाव घेऊन बंदी होती, आणि 2018 च्या जाहिरात व दाव्यांच्या नियमांतही आरोग्याचा दावा पुराव्याशिवाय करता येत नाही. मधुमेह आणि सांधेदुखी तर बोलायलाच नको, अन्नपदार्थ रोग बरा करतो असं जाहिरातीत म्हणताच येत नाही. इथे शब्द मऊ करून 'मधुमेहात उपयुक्त ठरू शकतं' असं करू नका, नवीन लोक हे हमखास करतात, दावा तोच राहतो फक्त भित्रा होतो. वाक्य उडवा.

'स्लो पॉयझन' ही दुसऱ्याच्या मालाची बदनामी, तीही काढा. 'तज्ज्ञ' कोण, नाव सांगा म्हणावं, आणि त्यांना पैसे दिलेत का तेही. पुण्याच्या कुठल्यातरी सौ. पाटलांचा अनुभव असेल तर त्या सौ. पाटील खऱ्या असायला हव्यात, तेल त्यांनी वापरलेलं असायला हवं, आणि त्यांची लेखी परवानगी हवी. 'शंभर टक्के शुद्ध' आणि 'नैसर्गिक' या शब्दांवरही 2018 च्या नियमांत अटी आहेत, सरसकट लावता येत नाहीत, आणि तसेही ते वाचून कोणाच्या मनात काहीच उमटत नाही.

शेवटचं वाक्य सगळ्यात निरुपद्रवी दिसतं, सुटे तेल मिळेल, डबा आणा. पण खाद्यतेल सुटं विकायला मुळात बंदी आहे, राज्य सरकारने खास सूट दिली असेल तरच चालतं. म्हणजे क्लायंट पैसे देऊन स्वतःविरुद्ध पुरावा छापून घेतोय! हे त्याला फोन करून सांगा, तो तुमचे आभारच मानेल. सोबत बाटलीवरचा 14 अंकी परवाना क्रमांकही मागून घ्या.

आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाका, लेबल लावलं म्हणजे खोटा दावा चालतो असं नाही. 2022 च्या नियमांत स्पष्ट आहे की खुलासा देऊन दिशाभूल करणारा दावा दुरुस्त होत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत, आणि छापणाराही त्यातून आपोआप सुटत नाही.

फोन करा, आणि तक्रारी विचारा

एवढं काढल्यावर हातात काय उरलं, जवळजवळ काहीच नाही. म्हणून आता क्लायंटला फोन. एजन्सीला नाही, जो रोज घाण्यावर उभा असतो त्यालाच. त्याला फायदे विचारू नका, पाठ केलेलं बोलेल. तुमचं तेल महाग का, एका लिटरला दाणे किती लागतात, पेंडीचं काय करता, काढल्यापासून बाटलीत भरेपर्यंत काय काय होतं, हे विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गिऱ्हाईक तक्रार काय घेऊन येतं. तक्रारीचं विचारलं की माणूस खरं बोलायला लागतो, कारण त्याची उत्तरं त्याने काउंटरवर रोज दिलेली असतात, ती त्याच्या स्वतःच्या भाषेत असतात आणि कॉपीरायटरला कधीच सुचली नसती अशी असतात.

मग मजकूर असा होतो:

"आमचं तेल रिफाईंडपेक्षा महाग आहे, का ते सांगतो. लाकडी घाण्यात एक लिटर तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. बरंच तेल पेंडीतच राहतं. मोठ्या कारखान्यात ते सॉल्व्हंट वापरून काढून घेतात, आमच्याकडे ती पेंड तशीच गुरांना जाते. काढलेलं तेल दोन-तीन दिवस टाकीत न हलवता ठेवतो, गाळ खाली बसला की वरचं बाटलीत भरतो. तरी बाटलीच्या तळाशी थोडा गाळ दिसेल, काही जण ती बाटली परत घेऊन येतात, त्यांना आम्ही हेच सांगतो. तळताना फेस येतो, म्हणून कढई निम्मीच भरा. भाजीला दाण्याचा वास येतो, तो सगळ्यांनाच आवडतो असं नाही, पहिल्यांदा घेताना अर्ध्या लिटरची बाटली घेऊन बघा."

यात 'आरोग्य' हा शब्द एकदाही नाही. आणि बघा, शब्दन् शब्द जाहिरात आहे, विकायलाच बसलाय माणूस, पण वाचताना कोणी आपल्याला गंडवतंय असं वाटत नाही. गाळ आणि फेस हे दोष क्लायंट आधी काढायला सांगेल. त्याला म्हणावं की हे दोष तुम्ही आधी सांगितले नाहीत तर गिऱ्हाईक ते रिव्ह्यूमध्ये लिहील, मग तुमची बाजू मांडायला जागा नसेल. बहुतेक जण ऐकतात. आकडे मात्र त्याचेच हवेत आणि लेखी हवेत, अडीच किलो तो म्हणाला तर तसा मेल मागवा. 'कमी तापमानाला काढलेलं' म्हणत असेल तर किती आणि कशाने मोजलं ते विचारा, मोजलेलं नसेल तर ते वाक्य नको.

दुरुस्तीनंतर एकदा मोठ्याने वाचा आणि 'आम्ही'च्या जागी कुठे 'ते' झालंय का बघा. अर्ध्यात 'कंपनीने', 'त्यांनी' असं शिरलं की लेख पुन्हा बातमीकडे घसरतो आणि वाचकाला बोलतंय कोण तेच कळत नाही.

हेडलाईनलाही हाच न्याय. 'सांगोल्याच्या तरुणाचा अनोखा प्रयोग, वाचून व्हाल थक्क' ही बातमीची नक्कल आहे, वर लेबल असलं तरी. 'घाण्याचं तेल महाग का पडतं?' यात प्रश्न खरा आहे आणि लेखात त्याचं उत्तर आहे. अशा हेडलाईनला क्लिक कमी येतील ही मार्केटिंगची तक्रार असतेच, येत असतील कमी, पण तो रेटकार्डवर बसून सोडवायचा प्रश्न आहे, हेडलाईनमध्ये नाही.

मंजुरीनंतरचे खेळ

क्लायंटला मंजुरीसाठी पाठवाल तेव्हा लेबलसकट पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट पाठवा, नुसती वर्ड फाईल नको, नाहीतर लेबल त्याला पहिल्यांदा लाईव्ह झाल्यावर दिसतं आणि रात्री फोन सुरू होतात. परत आलेल्या फाईलमध्ये ट्रॅक चेंजेस बंद करून 'हृदयासाठी' हळूच परत आलेलं असतं, म्हणून आपली फाईल आणि त्याची फाईल वर्डच्या कम्पेअरमध्ये टाकून बघा, डोळ्यांवर विश्वास नको. आलेलं असेल तर वाद घालू नका, कुठला नियम आहे ते एका ओळीत लिहून काढून टाका, मार्केटिंगला कॉपीत ठेवा.

लाईव्ह झाल्यावर दुसऱ्याच्या फोनवरून लिंक स्वतःला व्हॉट्सअ‍ॅप करून बघा, लेबल दिसतंय का. व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक जुना प्रिव्ह्यू काही काळ धरून ठेवतात, टायटल नंतर बदललं तरी तिथे जुनंच दिसू शकतं, म्हणून शब्द पहिल्याच पब्लिशला असायला हवा. इन्स्टाग्रामवर टाकणार असाल तर तिथलं पेड पार्टनरशिपचं लेबल चालू करा आणि यूट्यूबवर पेड प्रमोशनच्या चौकटीत टिक करा, हॅशटॅगच्या ढिगात शेवटी 'जाहिरात' लिहिलेलं धरलं जात नाही.

सहा महिन्यांनी अजून एक मेल येतो, कॅम्पेन संपलंय, आता ते लेबल काढलं तरी चालेल ना. चालत नाही, पैसे परत केलेले नसतात. एकतर लेख लेबलसकट राहील किंवा पूर्ण उतरवला जाईल, आणि हेच आरओमध्ये आधी लिहून घेतलेलं असलं की उत्तराला दोन ओळी पुरतात.